एकच ताणा, तीन विणी: साधी, ट्विल आणि सॅटिन मागावर कशा उतरतात

कापडाच्या दुकानात दोन मीटर मांजरपाट मागितला की दुकानदार कडेला कात्रीने छोटीशी चीर देतो आणि दोन्ही हातांनी चर्रकन फाडतो. फाड अगदी सरळ जाते. जीन्सचं कापड मागितलं तर तोच माणूस कात्री शेवटपर्यंत चालवतो. दोन्ही कापडं सुताचीच. सुताच्या जाडीचा त्यात हात आहे, पण खरा फरक आडवा धागा उभ्या धाग्यांच्या वरून-खालून किती वेळा जातो यात आहे. साधी वीण, ट्विल आणि सॅटिन या तिन्ही विणी त्या एका मोजणीवर उभ्या आहेत.

हे हाताला कळावं म्हणून मी शिकवताना एकच ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, लावतो आणि त्यावर तिन्ही नमुने विणायला लावतो. सूत तेच, ताणा तोच, धागे उचलणाऱ्या वह्यांची भरणीही तीच. बदलतो फक्त उचलण्याचा क्रम, आणि फणीच्या, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या कंगव्याच्या, एका घरात किती धागे घालायचे तो आकडा. या दुसऱ्या आकड्याकडे नवशिक्यांचं लक्षच जात नाही आणि सॅटिन तिथेच बिघडतं.

माग कोणता आणि सूत किती

टेबलावर ठेवायचा, आठ वह्यांचा नमुना माग घ्या. वही म्हणजे ती चौकट, जिच्या तारांच्या डोळ्यांतून ताण्याचे धागे ओवलेले असतात. वही उचलली की तिच्यातले सगळे धागे एकदम वर येतात. टेबल मागावर प्रत्येक वहीला स्वतःचा लिव्हर असतो, त्यामुळे पायाने दाबायच्या पावड्या बांधण्याची भानगड नाही. चार वह्यांच्या मागावर साधी वीण आणि ट्विल होईल, पण खरं सॅटिन होणार नाही. का, ते पुढे येईलच.

सूत २/२० नंबरचं घ्या, म्हणजे २० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेलं, आणि शक्य असेल तर मर्सराइज्ड. साधं सुती सूत चमकतच नाही, मग सॅटिनमध्ये काय फरक पडला ते दिसत नाही. ताण्याला पांढरं आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, गडद निळं ठेवा. रंग वेगळे असले की कापडाच्या कुठल्या बाजूला कोण वर आहे ते डोळ्यांनी मोजता येतं.

ताण्यात २४० धागे आणि दोन्ही काठांना एकेक जादा, असे २४२ धागे. लांबी अडीच मीटर. ताण्याला साधारण ६०० मीटर सूत लागतं, ते ३५ ग्रॅमच्या आसपास भरतं, तेव्हा दोन्ही रंगांचं मिळून १०० ग्रॅम सूत पुरून उरतं. २४० हा आकडा मुद्दाम निवडला आहे. त्याला ८ ने भाग जातो, म्हणून वह्यांची भरणी पूर्ण बसते, आणि ३, ४, ५ नेही जातो. फणी बदलायची वेळ येईल तेव्हा याचा उपयोग होतो.

आधी पट्टीवर वेढे मोजा

लाकडी पट्टीवर सूत एकाशेजारी एक, खेटून पण न दाबता, एक इंच भरेपर्यंत गुंडाळा आणि वेढे मोजा. माझ्या सुताचे ७२ वेढे बसले. तुमचे कमी-जास्त भरतील, कारण प्रत्येकाचा हात वेगळा आणि सूतही. तरी हिशोबाची रीत तीच.

७२ वेढे म्हणजे एका इंचात ७२ धाग्यांना जागा आहे, पण मध्ये काहीच नसताना. कापडात मध्ये बाणा असतो. बाणा वरून खाली किंवा खालून वर जातो तेव्हा तो दोन उभ्या धाग्यांच्या मधून घुसतो, आणि घुसताना एका धाग्याएवढी जागा खातो. आता मोजा. साध्या विणीत दर दोन उभ्या धाग्यांमागे बाणा दोनदा घुसतो, म्हणजे चार जागांपैकी दोनच ताण्याच्या. अर्धी जागा: ३६ धागे. २/२ ट्विलमध्ये दर चार उभ्या धाग्यांमागे बाणा दोनदाच घुसतो, म्हणजे सहा जागांपैकी चार ताण्याच्या: ४८ धागे. आठाच्या सॅटिनमध्ये आठ धाग्यांमागे दोनदा, दहापैकी आठ जागा ताण्याच्या: ५७ ते ५८, सोयीसाठी ६०.

तीन विणींमधला बहुतेक फरक या तीन ओळींत आहे. बाणा जितका कमी वेळा घुसतो तितके जास्त धागे त्याच इंचात मावतात, आणि तितकी लांब उडी धागा पृष्ठभागावर मारतो. या उडीला कारखान्यात फ्लोट म्हणतात. ताकद आणि चमक दोन्ही तिच्यावर अवलंबून असतात, पण एकाच दिशेने नाही.

फणी इंचाला १२ घरांची घ्या. आपल्याकडे फणीचा नंबर बहुधा दोन इंचांतल्या घरांवर सांगतात, म्हणून दुकानात ती २४ नंबरची म्हणून मिळेल. एका घरात ३ धागे घातले की इंचाला ३६ होतात, ४ घातले की ४८, ५ घातले की ६०. एकाच फणीत तिन्ही विणी बसतात.

ताणा लावणं आणि वह्या भरणं

मागच्या बीमवर ताणा ५ इंच रुंदीत पसरून गुंडाळा. पहिला नमुना पावणेसात इंचांच्या आसपास रुंद होणार आहे आणि शेवटचा ४ इंच. ५ इंच ही मधली रुंदी धरली की दोन्हीकडे धागे फार तिरपे जात नाहीत.

वह्या सरळ क्रमाने भरा. डावीकडून पहिला धागा पहिल्या वहीत, दुसरा दुसऱ्या वहीत, असं आठपर्यंत, मग पुन्हा एकपासून. असे तीस फेरे. प्रत्येक आठ धागे झाले की ते हातात धरून तारा मोजा आणि सैल गाठ मारा. काठाचे दोन जादा धागे कुठल्याही वहीत घालू नका, ते फक्त फणीतून काढायचे. ते ताण्याच्या मध्यभागी तरंगत राहतात. बाणा वाहून नेणारा धोटा आत जाताना त्या धाग्याच्या वरून आणि बाहेर पडताना पलीकडच्या जादा धाग्याच्या खालून जाऊ द्यायचा. असं केलं नाही तर ट्विल आणि सॅटिनमध्ये काठाचा धागा कित्येक फेकींत पकडलाच जात नाही आणि किनार झालरीसारखी लोंबते.

इचलकरंजीच्या एका वहिफणी कामगार काकांनी मला सांगितलं होतं की भरताना बोलायचं नाही, आणि बोललास तर शेवटचे आठ धागे परत मोज. मी अजून तसंच करतो.

फणीत पहिल्यांदा घरात ३-३ धागे घाला, पुढच्या दांड्याला बांधा, ताण हाताने दाबून सगळीकडे सारखा आहे का ते बघा.

साधी वीण: माग तपासण्याचं हत्यार

उचलण्याचा क्रम दोनच ओळींचा:

१, ३, ५, ७
२, ४, ६, ८

पहिली ओळ उचला, धोटा टाका, फणी ओढून ठोका, उतरवा. मग दुसरी. धोट्याच्या अशा एका फेकीला कारखान्यात पीक म्हणतात. बाणा सरळ रेषेत न ठेवता थोडा तिरपा, कमानीसारखा टाकून मग ठोका, नाहीतर कापड आत ओढलं जातं आणि काठाचे धागे फणीत घासून तुटतात. साध्या विणीत धागा सारखा वळत राहतो, त्यामुळे बाण्याला जास्त लांबी लागते. ही ओढ म्हणूनच इथे सर्वांत जास्त.

पहिली दहा फेक झाली की थांबा आणि कापड बारकाईने बघा. दोन धागे एकमेकांना चिकटून जोडीने जाताना दिसले तर तिथे वही भरताना चूक झाली आहे, एक धागा गळला किंवा दोनदा आला. उभी पारदर्शक रेघ दिसली तर फणीचं एक घर रिकामं आहे. दाट रेघ दिसली तर एका घरात चार पडले आहेत. चुका दुरुस्त करूनच पुढे जा.

पण साधी वीण सगळ्या चुका पकडत नाही. एका विद्यार्थिनीने तिसऱ्या आणि पाचव्या वहीच्या धाग्यांची अदलाबदल केली होती. दोन्ही विषम, दोन्ही एकाच वेळी उचलल्या जातात, त्यामुळे साध्या विणीत कापड निर्दोष दिसलं. ट्विल सुरू केल्याबरोबर तिरकी रेघ एका जागी तुटली. म्हणून मी सांगतो: आधी साधी वीण, मग ट्विल, आणि दोन्ही स्वच्छ उतरल्यावरच सॅटिन. सॅटिनमध्ये अशी चूक डोळ्यांना सापडत नाही, ती कापड धुतल्यावर एका ओरखड्यासारखी वर येते.

इंचाला ३६ च्या आसपास पीक बसली की कापड दोन्ही दिशांनी सारखं. पांढरं आणि निळं अर्धं अर्धं, लांबून पाहिलं तर फिकट निळसर. पुढून आणि मागून एकच. असं २५ सेंटीमीटर विणा.

मुद्दाम केलेली चूक

आता फणी न बदलता, घरात ३ धागे असतानाच, १५ सेंटीमीटर ट्विल आणि १५ सेंटीमीटर सॅटिन विणा. क्रम पुढे दिले आहेत. ही पायरी वेळ फुकट घालवल्यासारखी वाटते, पण सांगून जे पटत नाही ते इथे बोटाला पटतं. ट्विल पिचपिचीत होईल, ठोकताना पीक हव्या त्यापेक्षा जास्त बसतील आणि तिरकी रेघ आडवी पडेल. सॅटिन तर पोतेऱ्यासारखं. बाणा ढिगाने घुसेल, आणि नखाने कापड सरकवलं तर धागे बाजूला होऊन भोक पडेल. चमक नाही, बळ नाही. मी स्वतः पहिलं सॅटिन असंच विणलं होतं आणि महिनाभर सुताला दोष देत बसलो होतो.

फणी बदलून ट्विल

कापड कापून घ्या. धागे फणीतून ओढून काढा, पण वह्यांतून मात्र नाही. आठ-आठ धाग्यांच्या जुड्यांना वह्यांच्या पुढे सैल गाठी मारून ठेवा म्हणजे ते मागे निसटणार नाहीत. मग एकेक जुडी सोडून फणीत ४-४ धागे घाला. एका जुडीला बरोबर दोन घरं लागतात. धाग्यांचा क्रम वहीच सांगते, चुकायला जागा नाही. रुंदी आता ५ इंच.

२/२ ट्विलचा क्रम:

१, २, ५, ६
२, ३, ६, ७
३, ४, ७, ८
४, १, ८, ५

प्रत्येक फेकीला उचललेली जोडी एका धाग्याने उजवीकडे सरकते. तिरकी रेघ म्हणजे हेच सरकणं, उजवीकडे चढत जाणारं. क्रम उलटा म्हटला, चौथ्या ओळीपासून पहिलीकडे, तर ती डावीकडे चढेल. मध्येच उलटवला तर नागमोडी. हेरिंगबोन नावाने कोटाच्या कापडात जे मिळतं तेही दिशा उलटवण्याचंच काम, फक्त तिथे उलटवणं वह्यांच्या भरणीत असतं.

ट्विलची रेघ तुमच्या हाताचा हिशोब मांडते. इंचात ताणा ४८ आणि पीकही ४८ असतील तर रेघ बरोबर ४५ अंशांनी जाते. कागदाचा चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात दुमडून कापडावर ठेवा आणि ताडून बघा. रेघ उभी होत असेल तर पीक कमी बसत आहेत, ठोक हलका आहे. आडवी पडत असेल तर ठोक जास्त. आणि रेघ कधी उभी कधी आडवी अशी लाटेसारखी चालली असेल तर मध्ये तुम्ही चहा पिऊन आला आहात, हे मला तुमच्याकडे न बघता सांगता येतं.

आता हात लावून बघा. इंचात धागे साध्या विणीपेक्षा एक तृतीयांशाने जास्त आहेत, कापड जाड आणि जड आहे, तरीही ते जास्त मऊ पडतं. प्रत्येक धागा आठ फेकींमध्ये साध्या विणीत आठ वेळा बाजू बदलत होता, इथे चारच वेळा. मोकळा धागा वाकायला तयार असतो. ट्विलची पँट कडक सुताची असूनही गुडघ्यात अडत नाही ती म्हणूनच.

जीन्सचं डेनिम हे याचंच भावंड, बहुधा ३/१ ट्विल: ताणा तीन पिकांवरून जातो आणि एकाखालून. ताणा निळा, बाणा पांढरा, म्हणून बाहेरून निळं आणि आतून पांढुरकं. गुडघ्याला झिजलेली जीन्स नीट बघा. भोकाच्या जागी आडवे पांढरे धागे तसेच लोंबत असतात आणि उभे निळे गेलेले असतात. घासणं सगळं वरच्या निळ्या उड्यांनी सोसलं, पांढरा बाणा त्यांच्या आड जपला गेला.

सॅटिन: ठिपके लपवायचे कसे

ट्विलमधली रेघ का दिसते? कारण शेजारच्या फेकींमधल्या बांधणीच्या जागा एकमेकींना कोपऱ्याने चिकटतात. सॅटिनला रेघ नको असते. तिथे प्रत्येक धागा आठ फेकींत एकदाच बांधला जातो आणि त्या बांधणीचे ठिपके एकमेकांपासून शक्य तितके लांब फेकले जातात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लांब उड्या सरकून त्यांना झाकून टाकतील.

ठिपके किती घरं सोडून फेकायचे तो आकडा मनाने धरता येत नाही. आठ वह्यांमध्ये १ ची उडी घेतली तर ते ट्विलच झालं, ७ ची घेतली तर उलट्या दिशेचं ट्विल. २ ची घेतली तर १, ३, ५, ७ आणि पुन्हा १, सम वह्या बांधल्याच जात नाहीत. ४ आणि ६ चं तसंच. उरतात ३ आणि ५. नियम असा की उडीच्या आकड्याला आणि वह्यांच्या आकड्याला, दोघांनाही १ सोडून दुसऱ्या कुठल्याही एकाच आकड्याने भाग जाता कामा नये. याच नियमाने चार वह्यांवर खरं सॅटिन होत नाही, कारण १ आणि ३ ट्विल देतात आणि २ अडकतो. पाच वह्यांवर होतं, २ किंवा ३ च्या उडीने. सहा वह्यांवर मात्र नाही. कागदावर १ ते ६ लिहून २, ३ आणि ४ च्या उड्या मारून बघा, दोन-तीन पावलांतच परत पहिल्या आकड्यावर याल.

पुन्हा कापड कापा, पुन्हा फणी, या वेळी घरात ५-५ धागे. आठाची जुडी आणि पाचाचं घर जुळत नाही, म्हणून पाच जुड्या एकत्र सोडा: चाळीस धागे, आठ घरं. रुंदी ४ इंच.

चमकणारी बाजू ताण्याची हवी आहे, म्हणजे प्रत्येक फेकीला सात वह्या वर आणि एक खाली. पण सात लिव्हर दर वेळी उचलणं मनगटाला आणि मागालाही जड जातं. म्हणून उलटं विणा: एकच वही उचला, चमकती बाजू खाली राहील. क्रम ३ च्या उडीचा:

१
४
७
२
५
८
३
६

म्हणताना चाल बसते: एक, चार, सात, दोन, पाच, आठ, तीन, सहा. कागदावर लिहून मागाला चिकटवा आणि प्रत्येक फेकीनंतर पेपर क्लिप एक ओळ खाली सरकवा. ट्विलमध्ये चुकलात तर रेघ ओरडून सांगते. इथे कोणीच काही सांगत नाही. वरून तुम्हाला निळ्यावर पांढरे ठिपके दिसतील. दोन ठिपके कुठे तिरपे चिकटलेले दिसले तर तिथे क्रम चुकला, मागे उलगडा. खालची बाजू बघायला हातातला आरसा कापडाखाली धरा.

ठोक इथे हलका ठेवा, इंचाला ३६ ते ४० पीक. जोरात ठोकलं तर बाणा दाटून ताण्याच्या उड्यांमधून निळा डोकावेल आणि चमक डागाळेल. ताण थोडा जास्त आणि अगदी सारखा हवा. एक सैल धागा सात पिकांवरची त्याची लांब उडी वर फुगवतो आणि तेवढीच रेघ मंद दिसते.

चमक कुठून येते

तिन्ही नमुने कोमट पाण्यात साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, सॅटिनला उलट्या बाजूने इस्त्री करा. मग खिडकीपाशी धरून तिरप्या नजरेने बघा. साध्या विणीचा पृष्ठभाग म्हणजे लहान टेकड्या. प्रकाश सगळीकडे उधळतो, कापड मंद दिसतं. ट्विलवर सरी असतात, म्हणून एका कोनातून जरा उजळ. सॅटिनवर पांढरे धागे सरळ, समांतर आणि खेटून पडलेले असतात, प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो.

आता सॅटिन ९० अंशांनी फिरवा. चमक लगेच बदलेल, कारण धाग्यांची दिशा बदलली. हॉटेलातल्या पांढऱ्या चादरींवर जे रुंद पट्टे दिसतात ते याच युक्तीने केलेले असतात. एका पट्ट्यात ताणा वर, शेजारच्या पट्ट्यात बाणा वर, रंग एकच, तरी एक पट्टा उजळ आणि एक मंद. पलीकडे जाऊन बघितलं की उलट.

वीण चमक निर्माण करत नाही, धाग्यात असलेली चमक ती मोकळी करते. खरखरीत, केसाळ सुताचं सॅटिन विणलं तर ते मऊ होईल, पण चमकणार नाही. म्हणूनच गुजरातेत पाटण आणि मांडवीला विणल्या जाणाऱ्या मश्रूत परंपरेने ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असायचा. सॅटिन विणीमुळे रेशीम जवळजवळ सगळं वर राहायचं आणि सूत खाली, अंगाच्या बाजूला. मुसलमान पुरुषांना अंगाला लागून रेशीम वर्ज्य होतं, त्यावर या विणीने तोड काढली. मश्रू या अरबी शब्दाचा अर्थच धर्माला मान्य असा आहे.

ताकद: कुठली, ते आधी ठरवा

"कुठली वीण मजबूत?" हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि तो अपुरा आहे. ओढणं, फाडणं, घासणं आणि शिवणीपाशी उसवणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चारींमध्ये पहिला नंबर एकाचाच येत नाही.

सरळ ओढण्याची ताकद मुख्यतः इंचात किती सूत आहे त्यावर ठरते. ट्विल मजबूत म्हणतात त्यातला मोठा भाग हा आहे की त्यात ३६ च्या जागी ४८ धागे मावतात. धागे दोन्हीकडे सारखेच ठेवले तर लोकांना वाटतो तेवढा फरक उरत नाही.

फाडण्यात चित्र बदलतं. प्रत्येक नमुन्याची ५ सेंटीमीटर रुंद पट्टी कापा, मधोमध चीर द्या आणि दोन जिभा विरुद्ध दिशांना ओढा. साधी वीण सहज फाटेल, कट्‌कट् असा एकेक धागा तुटल्याचा आवाज करत. तिथे प्रत्येक धागा जागच्या जागी कुलूपबंद असतो, त्यामुळे ओढ एकट्यावर येते, तो तुटतो, मग पुढचा. ट्विल आणि सॅटिनमध्ये फाटीच्या टोकाशी धागे सरकून एकत्र गोळा होतात आणि मिळून ओढ सोसतात. सॅटिनसारखं नाजूक दिसणारं कापड इथे हाताला दमवतं, हे बघून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. दुकानदाराचा मांजरपाट चर्रकन का फाटतो ते इथे कळतं.

घासण्यात मात्र सॅटिन हरतं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि तिन्ही नमुन्यांवर सारख्या वजनाने पन्नास वेळा फिरवा. सॅटिनच्या उड्या आधी केसाळ होतील, मग तुटतील, आणि तुटलेला धागा जवळ बांधलेला नसल्याने लांबवर मोकळा होईल. बांगडीच्या कडेला किंवा सोफ्याच्या खिळ्याला सॅटिनच अडकतं ते याच कारणाने. ट्विलच्या उड्या आखूड, दोनच धाग्यांच्या. त्या घासणं सोसतात आणि तुटल्या तरी शेजारी धरून ठेवतात. गणवेशाची पँट, ड्रिल, कामाचे कपडे ट्विलचे असतात ते या मधल्या जागेमुळे.

चौथी परीक्षा शिंप्याची. दोन तुकडे ५ मिलीमीटर दाबून शिवा आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना ओढा. साध्या विणीत शिवण जागची हलणार नाही. सॅटिनमध्ये टाके शाबूत राहून त्यांच्या शेजारचे धागे सरकतील आणि शिवणीलगत शिडीसारखी फट दिसेल. कापलेली कडही तिन्हींत सॅटिनचीच सर्वांत लवकर सुटते. सॅटिन शिवायचं असेल तर दाब दीड सेंटीमीटर ठेवा, कडेला ओव्हरलॉक करा, कपडा अंगाला घट्ट बसवू नका, आणि सगळे भाग कापताना ताण्याची दिशा एकच ठेवा. एक बाही जरी आडवी कापली गेली तरी ती त्याच थानातली असूनही दुसऱ्या रंगाची दिसेल.